डावी कूस, उजवी कूस

वाघाच्या अंगावरचे पट्टे त्याच्याबरोबर जन्माला येतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात. बछडा मोठा होताना कातडी ताणली जाते, पट्टे लांबरुंद होतात, पण त्यांची मांडणी बदलत नाही. कोणत्याही दोन वाघांची मांडणी सारखी नसते. इतकेच नव्हे, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. जंगलातले वाघ मोजण्याची आजची पद्धत या शेवटच्या गोष्टीभोवती फिरते.

म्हणूनच कॅमेरा ट्रॅप नेहमी जोडीने लावतात. वाघ झुडपांतून फिरण्यापेक्षा पायवाट, बैलगाडीची वाट किंवा कोरडा ओढा पसंत करतो. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना, साधारण माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, एकेक कॅमेरा बांधतात. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर असले तर एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढराफटक होतो, म्हणून ते थोडे तिरके ठेवतात. ऊबदार अंगाचा प्राणी समोरून हलला की कॅमेरा चालू होतो आणि दोन्ही कुशी एकाच क्षणी टिपल्या जातात. हा डावा भाग आणि हा उजवा भाग एकाच वाघाचा आहे, हे त्या एका क्षणामुळेच ठरते.

जोडीतला एक कॅमेरा बंद पडला की घोळ सुरू होतो. समजा, एका जंगलात फक्त डाव्या कुशीचे 20 वेगवेगळे नमुने मिळाले आणि फक्त उजव्या कुशीचे 17. तिथे वाघ 20 असतील, 37 असतील किंवा मधला कोणताही आकडा असेल. त्यांची बेरीज करणे ही सरळ चूक ठरेल. अशा वेळी ज्या कुशीचे नमुने जास्त, तेवढीच कूस धरून मोजणी करतात.

दोन फोटो जुळवताना सगळे पट्टे एकदम पाहून उपयोग होत नाही. तपासणारा आधी एखादी ठळक खूण पकडतो. खांद्यामागे दोन फांद्या फुटलेला पट्टा, बरगडीवर बंद झालेला लांबट वेढा किंवा मांडीवरचा तुटका पट्टा अशी ती खूण असते. मग त्या खुणेच्या शेजारचे पट्टे तपासतो, मग त्यांच्या शेजारचे. वाघ वळलेला असेल तर तोच पट्टा आखूड दिसतो. ही अडचण सोडवायला संगणकाची मदत होते. फोटोत डोके, शेपटीचे मूळ आणि पाय कुठे आहेत ते माणूस दाखवतो, संगणक त्यावर वाघाच्या शरीराचा त्रिमितीय साचा बसवतो आणि कुशीची कातडी जणू सपाट पसरून जुन्या फोटोंशी ताडतो. जवळचे वाटणारे फोटो तो पुढे ठेवतो, पण शेवटचा निर्णय माणसाच्या डोळ्यानेच होतो.

बिबट्याच्या अंगावर पट्ट्यांऐवजी फुलांसारखे ठिपके असतात, आणि ते जुळवणे जास्त कष्टाचे असते. ठिपके बारीक आणि असंख्य असल्यामुळे फोटो जरासा हलला तरी ते एकमेकांत मिसळतात. काळ्या बिबट्याच्या अंगावरही ठिपके असतातच, पण ते दिवसाच्या फोटोत क्वचितच दिसतात. इन्फ्रारेड फ्लॅशच्या फोटोत मात्र ते उमटतात. मलेशियात बहुतेक बिबटे काळे असल्याने तिथल्या संशोधकांनी कॅमेऱ्याचा प्रकाश ओळखणारा भाग झाकून टाकला. त्यामुळे दिवसासुद्धा इन्फ्रारेड फ्लॅश पडत राहिला आणि बिबटे ओळखू येऊ लागले.

चूक दोन तऱ्हांनी होते. दोन प्राणी एक समजले तर संख्या घटते आणि एकाच प्राण्याचे फोटो दोघांचे समजले तर वाढते. दुसरी चूक जास्त घडते. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या, ओळख आधीच ठाऊक असलेल्या 16 हिमबिबट्यांचे फोटो जाणकारांना देऊन 2020 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात अशा चुकांमुळे काढलेली संख्या सरासरी एक तृतीयांशाने फुगली. त्यामुळे धूसर फोटो बाजूला टाकणे आणि एकच संच दोघांनी स्वतंत्रपणे तपासणे, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही.

ओळख पटली की न दिसलेल्या वाघांचाही अंदाज बांधता येतो. पहिल्या फेरीत 30 वाघ दिसले, दुसऱ्या फेरीत 25 दिसले आणि त्यांतले 15 आधीचेच निघाले, असे धरू. म्हणजे दुसऱ्या वेळी दिसलेल्यांपैकी तीन पंचमांश ओळखीचे होते. तेव्हा पहिले 30 हेही एकूण वाघांच्या तीन पंचमांश असावेत, म्हणजे एकूण सुमारे 50. उल्हास कारंत यांनी 1990च्या दशकात नागरहोळेत हे तत्त्व वाघांना लावले. देशाची वाघगणना आज याच पायावर होते, फक्त तिचे गणित बरेच बारकाव्याचे आहे. 2018-19च्या गणनेत सुमारे 3 कोटी 48 लाख फोटो निघाले. त्यांत वाघाचे फोटो होते 76,651 आणि त्यांतून वेगळे ओळखलेले वाघ 2,461.

पट्ट्यांवरून वाघाचा प्रवासही कळतो. डिसेंबर 2023 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या चांदोलीत एका नर वाघाचा फोटो मिळाला. जुन्या फोटोंशी पट्टे ताडले तेव्हा तो एप्रिल 2022 मध्ये राधानगरी अभयारण्यात टिपलेलाच वाघ निघाला. ही दोन ठिकाणे जोडणारा डोंगरपट्टा वाघाच्या वापरात आहे, हे त्या दोन फोटोंनी सिद्ध केले.