भावाने हिस्सा परक्याला विकायला काढला, तर?

सोलापूरच्या साखर पेठेतले एक जुने घर घेऊ. खाली चार माग, वर राहती जागा. वडिलांनी ते स्वतःच्या कमाईतून घेतले होते आणि ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि सासरी गेलेली मुलगी. प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश, मुलीचाही तितकाच. धाकटा मुलगा पुण्यात स्थायिक आहे. त्याने आपला हिस्सा एका व्यापाऱ्याला अठरा लाखांना द्यायचे ठरवून विसार घेतला. उदाहरण कल्पित आहे, पण अशी घरे पेठेपेठेत सापडतील.

कायदा काय देतो

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 चे कलम 22 इथे लागू पडते. मृत्युपत्राविना वारलेल्या माणसाची स्थावर मिळकत किंवा त्याचा धंदा वर्ग 1 च्या दोन किंवा अधिक वारसांकडे आला आणि त्यांतल्या एकाने आपला हिस्सा हस्तांतरित करायचे ठरवले, तर इतर वारसांना तो घेण्याचा प्राधान्याचा हक्क असतो. धंद्याचाही उल्लेख असल्याने वडील चालवत असलेला मागाचा कारखानाही यात येतो. सोलापुरात ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

घरोघरी एक गैरसमज असतो, की आमच्या संमतीशिवाय तो विकूच शकत नाही. तसे नाही. धाकट्याला विकण्यापासून अडवता येत नाही. त्याचा हिस्सा आधी आपण घेऊ, एवढेच म्हणता येते, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. नुसता विरोध करणाऱ्याला हे कलम काही देत नाही.

किंमत कोण ठरवणार

आपसांत जमले तर प्रश्नच नाही. नाही जमले, तर मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथे अर्ज करायचा आणि किंमत न्यायालयाने ठरवायची. त्यामुळे कागदावर फुगवलेला आकडा घरच्यांवर जसाच्या तसा लादता येत नाही. समजा, न्यायालयाने पंधरा लाख ठरवले. थोरला आणि बहीण दोघेही घ्यायला तयार असतील, तर जो जास्त देऊ करेल त्याला पसंती. बहिणीने सोळा म्हटले आणि थोरला साडेपंधरावर अडला, तर हिस्सा बहिणीचा. मात्र किंमत ठरल्यावर अर्जदाराने माघार घेतली, तर अर्जाचा सगळा खर्च त्याच्याच माथी बसतो.

कायदा जिथे गप्प आहे

विकणाऱ्याने इतरांना किती दिवस आधी नोटीस द्यावी, हे कलम सांगत नाही. मला ही त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधक कार्यालय हा हक्क तपासत नाही, त्यामुळे घरच्यांना बातमी बहुधा फेरफाराची नोटीस आल्यावरच लागते.

म्हणून साठेखताची कुणकुण लागताच थोरल्याने धाकट्याला आणि त्या व्यापाऱ्यालाही नोंदणीसह स्पीड पोस्टाने कळवावे, की कलम 22 खाली हिस्सा घ्यायला मी तयार आहे. पुढे ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणायला दोघांनाही जागा राहत नाही. खरेदीखत होऊन गेले असेल, तर खरेदीदाराला पक्षकार करून दिवाणी दावा लावावा लागतो. मुदत कायद्यात अग्रहक्काच्या दाव्याला एकच वर्ष आहे. ते खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून मोजतात, आणि अविभक्त हिश्शासारखा प्रत्यक्ष ताबा देता येत नसेल तर खत नोंदल्यापासून. पैशाची सोय याच वर्षात हवी.

शेतजमिनीचे काय

शेतजमिनीला हे कलम लागू नाही, असा युक्तिवाद बरीच वर्षे चालला. बाबूराम विरुद्ध संतोख सिंग या हिमाचल प्रदेशातील प्रकरणात एका भावाने वडिलोपार्जित जमीन परक्याला विकली होती आणि दुसरा भाऊ न्यायालयात गेला होता. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतजमिनीलाही कलम 22 लागू आहे असा निर्णय दिला. बार्शी-मोहोळकडच्या शेतकरी कुटुंबांनाही त्याचा उपयोग आहे.

हक्क कुठे संपतो

वडिलांनी मृत्युपत्र केले असेल किंवा वाटप होऊन प्रत्येकाचा तुकडा वेगळा झाला असेल, तर कलम 22 उपयोगी नाही. राहत्या घराला मात्र आणखी एक आधार आहे. अविभक्त कुटुंबाच्या घरातला हिस्सा घेतलेल्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे कुटुंबासोबत एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर विभाजन कायदा, 1893 च्या कलम 4 खाली घरचा हिस्सेदार तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत मागू शकतो. पण परक्याने स्वतः दावा लावल्याशिवाय हे कलम वापरता येत नाही.

वडिलांच्या पश्चात सिटी सर्व्हे उताऱ्यावर किंवा सातबाऱ्यावर चारही वारसांची नावे लागली आहेत का, हे आजच तपासा. नाव नसले म्हणून हक्क जात नाही, पण फेरफाराची नोटीस उताऱ्यावरच्या नावालाच येते.