रिटेनर म्हणजे नेमकं काय विकायचं?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "व्हर्च्युअल असिस्टंटचं काम मिळालं, पण तासावर पैसे घेऊ की महिन्याचे?" माझं उत्तर महिन्याचे, म्हणजे रिटेनर. पण त्यात तुम्ही काय विकताय हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर महिन्याच्या पैशात चोवीस तास राबायची पाळी येते.

माझंच उदाहरण घेऊ. अमेरिकेत ओहायो राज्यात माझ्या एक क्लायंट आहेत. सुगंधी मेणबत्त्या बनवतात, शॉपिफायवर विकतात. दुकान म्हणजे त्या आणि पॅकिंगला एक मुलगी, बस्स. माझ्याकडे तीन कामं आहेत: ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं, ऑर्डर कुठे अडकली ते बघून परतावे करणं, आणि नवीन मालाची लिस्टिंग टाकणं. महिन्याला ४० तास, तासाला ८ डॉलर, म्हणजे ३२० डॉलर. बिल १ तारखेला, पैसे आधी. आधी का? कारण ते तास मी त्यांच्यासाठी राखून ठेवते, दुसऱ्या कुणाला देत नाही. राखून ठेवण्याचेच तर पैसे.

तासावर काम केलं तर गंमत बघा. सुरुवातीला वीस ईमेलना दोन तास लागतात. मग नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही साठवून ठेवता आणि तेच काम तासाभरात होतं. तुम्ही हुशार झालात आणि कमाई अर्धी! रिटेनरमध्ये वाचलेल्या तासात लिस्टिंग होते. क्लायंटला जास्त काम मिळतं आणि तुमचा आकडा तोच राहतो.

आता वेळेचं. ओहायोत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. तेव्हा जागं राहायची काहीच गरज नाही. मी सकाळी दहाला बसते, तेव्हा त्या झोपलेल्या असतात. त्या सातला उठतात, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार, तोपर्यंत इनबॉक्स साफ. बोलायचंच असेल तर त्यांचे सकाळी ९ ते ९:३०, म्हणजे आपले संध्याकाळी ६:३० ते ७. एवढी अर्ध्या तासाची गाठ पुरते. करारात मी "तातडीनं उत्तर" असं लिहिलेलं नाही. "ग्राहकाला २४ तासांत उत्तर, सोमवार ते शुक्रवार" असं लिहिलंय. रात्रीची झोप त्या एका वाक्यानं वाचते.

एक खोच आहे. आपलं घड्याळ वर्षभर तेच, त्यांचं बदलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून तीच ९ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे ७:३० ला येते. कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकताना टाइम झोन `Eastern Time - New York` निवडा, म्हणजे ती आपोआप सरकेल. भारतीय वेळेत टाकलीत तर नोव्हेंबरात तुम्ही हजर आणि समोर कुणीच नाही. आणि इंग्लंडचा क्लायंटही असेल तर जपून, तिथलं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मधले काही आठवडे दोघांचं गणित वेगळं असतं.

आता खरी भांडणं कुठे होतात? "अगं, एक छोटंसं काम होतं" इथे. माझ्या क्लायंटनी एका महिन्यात न्यूजलेटर करून मागितलं. ते तीन कामांत नव्हतं. मी रोजचे तास एका शीटमध्ये लिहिते आणि ती शीट त्यांनाही दिसते. २० तारखेला ३२ तास झाले होते. रोजच्या दोन तासांनी कामाचे १४ दिवस म्हणजे २८ व्हायला हवे होते. चार तास पुढे! मी लिहिलं: "८ तास शिल्लक आहेत. न्यूजलेटरला अजून ६ लागतील. लिस्टिंग पुढच्या महिन्यात ढकलू, की १० डॉलरनं ६ तास वाढवू?" त्यांनी लिस्टिंग ढकलली. कुणी रागावलं नाही, कारण प्रश्न महिना संपायच्या आत गेला. हाच प्रश्न बिलासोबत गेला असता, तर तो वाद झाला असता.

उलटं झालं, तास उरले तर? माझ्याकडे ५ तासांपर्यंत पुढच्या महिन्यात जातात, त्यापलीकडचे संपतात. ही मर्यादा नसेल तर तास साठत जातात आणि नेमके नोव्हेंबरच्या सेलमध्ये सगळे एकदम मागितले जातात.

शेवटची एक गोष्ट, पैशांइतकीच महत्त्वाची. मालकाचा पासवर्ड घेऊ नका. शॉपिफायवर तुमच्या नावानं वेगळं स्टाफ खातं मागा, लागेल तेवढीच परवानगी असलेलं. परताव्याची हद्दही लेखी ठरवा. माझी २५ डॉलरची आहे. त्याखाली मी स्वतः परत करते, त्यावर गेलं की त्यांना विचारते. त्या उठेपर्यंत ग्राहक थांबतो, पण २४ तासांच्या आत उत्तर मिळतंच.