गोदामातल्या अंधारात बारकोड का वाचला जात नाही?

दुकानाच्या काउंटरवर क्षणात वाचला जाणारा बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड मागच्या गोदामात, एकाच मंद दिव्याखाली, काही केल्या वाचला जात नाही. स्टॉक मोजणारा माणूस फोन मागेपुढे करत राहतो आणि अ‍ॅपला दोष देतो. त्याआधी त्याने स्क्रीनवर काय दिसतंय ते नीट पाहावं.

स्क्रीन पूर्ण काळी असेल, तर अडचण उजेडाची नाही. अ‍ॅपला कॅमेऱ्याची परवानगी नसावी. अँड्रॉइड ११ पासून परवानगी दोनदा नाकारली की फोन पुन्हा विचारत नाही. ती सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः द्यावी लागते. काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपची परवानगी फोन आपणहून काढूनही घेतो. म्हणून वर्षातून एकदाच स्टॉक मोजणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. अँड्रॉइड १२ पासून तर सगळ्याच अ‍ॅपचा कॅमेरा एका बटणाने बंद करता येतो. तेही तपासावं.

चित्र दिसतंय पण कोड वाचला जात नाही, तेव्हा मात्र कारण अंधारच. किराणा मालावरच्या तेरा आकडी बारकोडची सर्वांत बारीक रेघ नेहमीच्या आकारात ०.३३ मिलिमीटर असते. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. समजा तो वेळ सेकंदाचा पंधरावा भाग झाला आणि हात सेकंदाला एक सेंटिमीटर हलला. तेवढ्यात चित्र सुमारे ०.६७ मिलिमीटर सरकतं, म्हणजे दोन रेघांइतकं. काळं-पांढरं एकमेकांत मिसळून सगळं करडं होतं, आणि वाचायला काही उरत नाही. टॉर्च लावून तोच वेळ सेकंदाच्या १२०व्या भागावर आला, तर सरक जेमतेम ०.०८ मिलिमीटर राहते.

टॉर्चमुळे फोकसही सुधारतो. बहुतेक कॅमेरे काळ्या-पांढऱ्यातला फरक पाहून फोकस ठरवतात. अंधारात तो फरक सापडत नाही, म्हणून चित्र सारखं धूसर-स्पष्ट होत राहतं. अशा वेळी लोक फोन कोडाला चिकटवतात, आणि तिथेच काम बिघडतं. पुष्कळ फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला दहा सेंटिमीटरच्या आत फोकस करताच येत नाही. फोन वीतभर लांब धरावा, स्क्रीनवर कोडाला बोट लावावं आणि कोपर खोक्यावर टेकवावं. चकचकीत प्लॅस्टिकवर टॉर्चचा पांढरा डाग पडतो, तेव्हा फोन थोडा तिरपा करावा.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. एक, स्कॅनचं रिझोल्यूशन. सर्वांत बारीक रेघेला किमान दोन पिक्सेल मिळायला हवेत. हा कोड अशा ९५ भागांचा असतो, म्हणजे तो चित्रात १९० पिक्सेल तरी रुंद दिसायला हवा. दुसरी, कोडाचे प्रकार. आपल्या मालावर असतात तेवढेच चालू ठेवले, तर शोध लवकर संपतो.

एवढं करूनही अडलं, तर तोच पुडा दारात, दिवसाच्या उजेडात धरून स्कॅन करावा. तिथेही वाचला गेला नाही, तर फोनला दोष नाही; छपाईच फिकी किंवा पसरलेली आहे.