गुंतवळापासून गंगावन: भाव कसा धरायचा

भिसेगावातल्या आमच्या गटांत विगचं काम सुरू करावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. आमचं म्हणणं, आधी गंगावन करा. विगमध्ये जाळीवर एकेक केस आकडीने गाठवायचा असतो, त्याला फार दिवस जातात. गंगावन वेणीत गुंफायचं असतं, शिकायला सोपं.

केस दोन प्रकारचे मिळतात. पहिले कापलेले. तिरुपतीला नवसाचे उतरवलेले केस देवस्थान लिलावाने विकतं, ते याच प्रकारचे. पण तिथे बोली मोठ्या व्यापाऱ्यांची. दुसरं आपलं गुंतवळ, फणीत निघणारं, जे केसांवर भांडी देणाऱ्या बायका घरोघरी गोळा करतात.

फरक असा. केसावर माशासारखे बारीक खवले असतात आणि त्यांचं तोंड टोकाकडे असतं. कापलेल्या केसांची मुळं एका बाजूला राहिली तर खवले एकाच दिशेने बसतात. याला बाजारात 'रेमी' म्हणतात, भाव जास्त. गुंतवळात केस उलटसुलट, म्हणून धुतले की गुंततात. मोठे कारखाने ॲसिडने खवले काढतात; ते घरी मुळीच करू नका. ओळखायचं कसं? बट मुळाशी धरून टोकाकडे बोटं फिरवा, मग उलट फिरवा. उलट जाताना खरखरली आणि सुलट जाताना गुळगुळीत लागली, तर रेमी. दोन-चार केस जाळूनही पाहा. खऱ्या केसाची राख चुरगळते, नायलॉनचा कडक मणी होतो.

गावात कुणी लांब केस कापणार असेल तर आधी मुळाकडे रबर घट्ट बांधा, मग रबराच्या वर कापा. एवढ्यानेच माल वरच्या प्रतीचा राहतो.

आता भाव. इथेच गट फसतात. समजा गुंतवळ 3000 रुपये किलोने घेतलं. धुऊन, वाळवून, सोडवून, खिळ्यांच्या फळीवर विंचरलं की आखूड केस आणि कचरा निघून 600 ग्रॅम उरलं. म्हणजे कामाचा केस 5000 रुपये किलोने पडला. 100 ग्रॅमच्या गंगावनात केस 500 रुपयांचा, 300 नव्हे. दोन दिवसांची मजुरी 600, दोरा-पिशवी 50. झाले 1150. त्यावर वीस टक्के, म्हणजे 230 धरले तर 1380 रुपये. आकडे आपापल्या गावचे घाला, रीत हीच. वजन विंचरल्यानंतरच करा, आणि केस पूर्ण वाळलेले असू द्या. ओल्या केसाचं वजन जास्त भरतं.

गुंतवळाचं गंगावन आहे, वारंवार धुऊ नका, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. लग्नात, नाचात वेणीत घालायला ते चालतं.

पिना, चाप, आकडे मात्र बनवत बसू नका. कर्जत लोकलने मुंबईला जाऊन क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घाऊक आणा आणि गंगावनासोबत विका.