दुखणे नव्हे, वेळापत्रक मांडा!
दीर्घकालीन आजारामुळे कामाच्या वेळेत सवलत मागणारा अर्ज कसा असावा?

प्रतिनिधी, मुंबई

सकाळी सहाला जाग येते, पण हाताची मूठ पुरती वळायला साडेआठ वाजतात. तोवर केस विंचरणे, डब्याचे झाकण लावणे, कुलूप घालणे ही साधी कामेही परक्याच्या हातांनी करावी तशी होतात. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे बोलीभाषेत आमवात, असणाऱ्या अनेकांची सकाळ अशीच उजाडते. दुपारी हीच व्यक्ती संगणकावर सहकाऱ्यांच्या बरोबरीने काम करताना दिसते. त्यामुळे ‘हिला नेमके झाले आहे तरी काय?’ हा प्रश्न कार्यालयात कुजबुजला जातो आणि हजेरीपटावर ‘लेट मार्क’ साचत जातात.

अशा वेळी वरिष्ठांकडे कामाच्या वेळेत सवलत मागणारा अर्ज करावा लागतो. बहुतेक अर्ज फसतात ते आजार खरा नसतो म्हणून नव्हे. अर्जात दुखण्याचे वर्णन पानभर असते आणि मागणी मात्र शेवटच्या ओळीत, ‘तरी वेळेत थोडी सवलत द्यावी’ एवढीच. वरिष्ठांना सहानुभूती वाटते, पण नेमके काय मंजूर करायचे ते कळत नाही. आजाराचे रूपांतर घड्याळात करणे हेच या अर्जाचे खरे काम होय.

आजार आणि घड्याळ

आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आवरणावर हल्ला चढवते. सांधे सुजवणाऱ्या काही द्रव्यांचे रक्तातील प्रमाण रात्रीच्या उत्तरार्धात वाढून पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असते. म्हणून आखडलेपणा सकाळी अधिक असतो. वयोमानाने होणाऱ्या सांध्यांच्या झिजेत हा ताठरपणा साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. आमवातात तो तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. म्हणजे या रुग्णाची अडचण दिवसभराची नसून मुख्यतः दिवसाच्या सुरुवातीची असते, आणि नेमकी तीच वेळ मुंबईत लोकल पकडण्याची असते.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ. डोंबिवलीत राहणारी आणि दादरच्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करणारी एक महिला. कार्यालयाची वेळ ९.३० ते ६. वेळेवर पोहोचायचे तर घरून आठला निघणे भाग. तेव्हा मूठ वळत नाही, आणि गर्दीत उभे राहून वरची कडी धरणे म्हणजे सुजलेल्या मनगटावर सव्वा तास भार टाकणे.

अर्ज लिहिण्यापूर्वी या महिलेने दोन आठवडे एक वही ठेवावी. रोज तीनच नोंदी : जाग कधी आली, मूठ पूर्ण कधी वळली, घराबाहेर पडणे कधी शक्य झाले. तिसऱ्या रकान्यात बहुतेक दिवशी ९.१५ ते ९.३० असे आले, तर मागणी आपोआप ठरते. कामाची वेळ ११ ते ७.३० हवी. तास तितकेच, फक्त दीड तास पुढे सरकलेले. शिवाय साडेनऊनंतरच्या प्रवासात गर्दीही हळूहळू उतरू लागते.

दुसरी बाब, दुखणे अचानक उसळण्याचे दिवस. त्यांचा हिशेब वहीत सापडत नाही, रजेच्या नोंदीत सापडतो. मागील सहा महिन्यांत अशा कारणाने नऊ रजा झाल्या असतील, तर महिन्याला दीड दिवस पडतो. म्हणून मागणी ‘गरजेनुसार घरून काम’ अशी मोघम न ठेवता ‘महिन्यात जास्तीत जास्त दोन दिवस’ अशी असावी.

काही अडचणी मात्र अर्जात न आणताच सुटतात. या आजारात मेथोट्रेक्सेट हे औषध अनेकदा दिले जाते. ते रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि दुसऱ्या दिवशी काहींना मळमळ व थकवा जाणवतो. डॉक्टरांना विचारून औषधाचा वार शनिवारची रात्र ठरवला, तर हा थकवा रविवारी निभावतो. तो विषय साहेबांच्या टेबलावर नेण्याचे कारणच उरत नाही.

अर्जाचा नमुना

हे सारे कागदावर असे उतरेल :

प्रति,
मा. व्यवस्थापक, लेखा विभाग
विषय : कामाच्या वेळेत तीन महिन्यांसाठी बदल मिळण्याबाबत

महोदय,

माझी कामाची वेळ दिनांक १ पासून तीन महिन्यांसाठी सकाळी ९.३० ते सायंकाळी ६ ऐवजी सकाळी ११ ते सायंकाळी ७.३० करावी, तसेच महिन्यात जास्तीत जास्त दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे.

मला सांध्यांचा दीर्घकालीन आजार असून त्यामुळे सकाळी सुमारे साडेआठपर्यंत हातांची हालचाल मर्यादित असते. त्यानंतर मी माझे सर्व काम नेहमीप्रमाणे करू शकते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

कामाची व्यवस्था पुढीलप्रमाणे राहील. बँकेत व अन्य विभागांत सकाळी द्यावयाची कागदपत्रे मी आदल्या सायंकाळी तयार करून ठेवीन. दर महिन्याचा टीडीएस भरणा (७ तारीख) व जीएसटीची विवरणपत्रे (११ व २० तारीख) यांचे काम मुदतीच्या एक दिवस आधी पूर्ण करीन. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळेतील तातडीच्या विचारणेसाठी विभागातील सहकाऱ्यांशी बोलणे झाले असून त्या बदल्यात सायंकाळी सहानंतरची त्यांची कामे मी पाहीन. घरून काम करावयाच्या दिवशी सकाळी साडेआठपूर्वी आपणांस कळवीन व त्या दिवशी खात्यांचा ताळमेळ घालण्याचे काम करीन.

तीन महिन्यांनी आपण या व्यवस्थेचा आढावा घ्यावा. मंजुरी मिळाल्यास हजेरी यंत्रणेत माझी वेळ बदलण्याबाबत मनुष्यबळ विभागास कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू

खासगी कंपन्यांत हा अर्ज बहुधा इंग्रजीत आणि ई-मेलने जाईल. भाषा बदलली तरी क्रम हाच ठेवावा : आधी मागणी, मग कारण, मग कामाची व्यवस्था, शेवटी आढावा.

वरिष्ठांच्या मनातील तीन प्रश्न

अर्ज हाती पडताच व्यवस्थापक तीन प्रश्नांची उत्तरे शोधतो. ही नसेल तेव्हा काम कोण पाहणार? उद्या आणखी चार जणांनी असेच मागितले तर? आणि हे किती दिवस चालायचे?

पहिल्याचे उत्तर कामाच्या व्यवस्थेच्या परिच्छेदात आहे. तो परिच्छेद आजाराच्या परिच्छेदापेक्षा मोठा आहे, ते मुद्दामच. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र देते. मंजुरी व्यक्तीकडे पाहून नव्हे, वैद्यकीय कारणावर दिली आहे, असे व्यवस्थापकाला सांगता येते. तिसऱ्याचे उत्तर म्हणजे तीन महिन्यांची मुदत. ही मुदत हवेतून आलेली नाही. आमवाताची मुख्य औषधे लगेच गुण देत नाहीत. त्यांचा परिणाम दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. नवे औषध सुरू झाले असेल तर तीन महिन्यांनी सकाळचा आखडलेपणा कमी झाला की नाही हे कळते, आणि त्यानुसार मागणी कमी करता येते किंवा पुढे वाढवता येते.

प्रमाणपत्रात काय असावे?

तपासण्यांचे सगळे अहवाल जोडण्याची प्रथा आहे, ती टाळावी. व्यवस्थापकाला रक्ततपासणीचे आकडे उमगत नाहीत आणि खासगी माहिती मात्र विभागभर पसरते. प्रमाणपत्रात चार गोष्टी पुरतात : आजार दीर्घकालीन आहे, त्यामुळे कोणत्या वेळी कोणती हालचाल मर्यादित होते, कोणता बदल सुचविला आहे, आणि तो किती काळासाठी. त्याखाली डॉक्टरांची सही, तारीख व नोंदणी क्रमांक. ‘विश्रांतीचा सल्ला’ असे छापील वाक्य असलेले प्रमाणपत्र मात्र उलट फिरते. त्यावरून कंपनी रजेवर जाण्यास सांगू शकते, आणि येथे तर रजा नको, काम हवे आहे.

कायदा कुठवर साथ देतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘वाजवी सोयी’ची कल्पना आहे आणि अशी सोय नाकारणे हा भेदभावाचाच प्रकार मानला आहे. या कायद्याच्या परिशिष्टात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा आजारांची नावे आहेत. आमवाताचे नाव त्यात नाही. सांध्यांत कायमचे व्यंग आले असेल तर अस्थिव्यंग म्हणून त्याचे मूल्यमापन होऊ शकते, पण केवळ सकाळच्या आखडलेपणासाठी दाखला मिळणे अवघड.

तथापि फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात महत्त्वाची भूमिका घेतली. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या परीक्षार्थीस लेखनिक नाकारण्यात आला होता. ४० टक्के दिव्यांगत्वाचा निकष पूर्ण होत नाही एवढ्यावरून वाजवी सोय नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सरकारी आस्थापनांवर अशी सोय देण्याचे थेट बंधन आहे. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करावे लागते. अर्जापूर्वी आपल्या कंपनीचे ते धोरण मागून वाचावे. आजारपण वा कामाच्या वेळेविषयी त्यात तरतूद असेल, तर अर्जात तिचा एका ओळीत उल्लेख करावा. पहिल्याच अर्जात कलमांची जंत्री नको.

तोंडी ‘हो’ पुरत नाही

‘ठीक आहे, या अकराला,’ असे साहेब म्हणाले की अनेक जण सुटकेचा नि:श्वास टाकतात. खरा घोळ येथूनच सुरू होतो. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राला साहेबांचा शब्द ठाऊक नसतो. ते रोज उशिराची नोंद करते आणि महिनाअखेरीस पगारातून किंवा रजेतून वजावट होते. पुढे साहेबांची बदली झाली की नवे साहेब फक्त उशिरांची यादी पाहतात. म्हणून मंजुरी लेखी घ्यावी. ती तोंडीच मिळाली, तर त्याच दिवशी ‘आपल्या आजच्या बोलण्यानुसार माझी वेळ अमुक ठरली आहे’ असा दोन ओळींचा ई-मेल पाठवावा. पहिल्या आठवड्यातच स्वतःची हजेरीची नोंद उघडून वेळ बदलली की नाही ते पाहावे.

नकार आला तर तोही लेखी कारणासह मागावा. ‘धोरणात बसत नाही’ असे उत्तर आले, तर मनुष्यबळ विभागाकडे जाता येते. ‘सकाळी दहाला ग्राहकांचे फोन असतात’ असे ठोस कारण आले, तर मागणीत फेरफार करता येतो : ते फोन घरून घेऊन बाराला कार्यालयात पोहोचणे, किंवा तेवढेच काम सहकाऱ्याशी बदलून घेणे. अशा कारणावर बोलणी पुढे सरकू शकतात.

तीन महिन्यांनी आढाव्याला बसताना वही पुन्हा सोबत असावी. या काळात किती मुदती पाळल्या आणि घरून कामाचे सहापैकी किती दिवस वापरले, हे दोनच आकडे त्या दिवशी मांडावेत.