महिनाअखेरचे हसू

विनोदाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक शब्दांची होते. कोटी, श्लेष, उपरोध. माणसे नेमकी कशाला आणि का हसतात, हा प्रश्न बाजूला राहतो. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात गेली काही वर्षे मी तरुण मुलांची सादरीकरणे बसवतो आहे. एक माणूस उभा राहतो आणि दहा मिनिटे आपल्या जगण्यातल्या गोष्टी सांगून लोकांना हसवतो, असा हा प्रकार. त्यात माझ्या ध्यानात आले ते असे, की प्रेम, सासू, पुढारी यांवरचे विनोद कधी चालतात, कधी पडतात. पण चोवीस तारखेनंतरच्या घराविषयी कोणी नीट बोलू लागला की सभागृह हमखास हसते. आता हा विषय काही आनंदाचा नव्हे. मग हसू येते कोठून?

एक उदाहरण तपशिलाने पाहू. आमच्यातला एक मुलगा कंत्राटावर नोकरी करतो. पगार 16,000, हातात पडतो 7 तारखेला. खोलीचे भाडे 5,000, मुलांची शाळा आणि बस 2,500, भिशी 2,000, मोबाइलचा हप्ता 1,500, वीजबिल 1,000. बारा हजार असे पहिल्या दोन दिवसांतच जातात. उरले चार हजार. चोवीस तारखेला त्याच्याजवळ 400 रुपये होते आणि पुढचा पगार चौदा दिवसांवर. म्हणजे दिवसाला अठ्ठावीस रुपये.

त्याचा पहिला मसुदा असा होता, की पगार येतो कधी आणि जातो कधी हेच कळत नाही. कोणी हसले नाही. कारण हे वाक्य सगळेच म्हणतात. ते कोणाच्याच घरातले नाही. मी त्याला म्हटले, "बाबा, मत सांगू नकोस. पंचवीस तारखेला तुझ्या घरात काय काय होते, तेवढेच सांग." मग त्याने सांगितले की टूथपेस्टची नळी आधी लाटण्याने लाटली जाते, नंतर ब्लेडने मधोमध कापली जाते आणि त्यानंतरही ती चार दिवस पुरते. सिलिंडर आडवा करून हलवला जातो. डाळीत पाहुण्यांच्या संख्येने नव्हे, तर तारखेच्या आकड्याने पाणी वाढते. आणि वाण्याकडे मुलीला पाठवले जाते, कारण वाणी मोठ्या माणसाला मागची बाकी विचारतो, लेकराला विचारत नाही. ती पोरगी दुकानात जाऊन पढवलेले सगळेच बोलते: "काका, आईने सांगितलंय, की आई उद्या पैसे देईल असं सांग."

सभागृह कोसळले. पण माझे लक्ष बायकांच्या बाजूला होते. त्या नुसत्या हसत नव्हत्या, हसताना एकमेकींकडे पाहत होत्या. एकीने शेजारणीला कोपराने ढोसले. "वहिनी, तुमच्याकडंपण नळी कापतात?" माझ्या मते या प्रश्नातच सारे आले. नळी प्रत्येक घरात कापली जात होती, पण दार लावून. प्रत्येकीला वाटत होते, ही पाळी आपल्यावरच आली. टंचाईपेक्षाही ती लपवण्याचा भार मोठा असतो, आणि तो एका क्षणात साऱ्यांच्या डोक्यावरून उतरला. ते हसू विनोदवीराला नव्हते. आपण एकटे नाही हे उमगल्याचे ते होते.

पण सगळ्या घरांत अगदी त्याच युक्त्या कशा सापडतात? याचे उत्तर हिशेबात आहे. भाडे, फी, हप्ता, भिशी या रकमा ठरलेल्या. त्यांना हात लावता येत नाही. लवचीक असते ते फक्त स्वयंपाकघर. म्हणून ओढाताण आली की प्रत्येक घर त्याच जागी आणि जवळजवळ त्याच क्रमाने आखडते: आधी भाजी, मग तेल, मग दूध. शिवाय तारीखही सर्वांची जवळपास एकच. दुखणे प्रत्येकाचे निरनिराळ्या दिवशी येते, महिनाअखेर मात्र सगळ्या आळीत एकदम येते. रेडिओ सिलोन अनेक वर्षे दर महिन्याच्या एक तारखेला 1954 सालच्या 'पहिली तारीख' या हिंदी चित्रपटातले गाणे लावीत असे, ते याच जोरावर. आमच्याकडचे जुने कामगार मात्र त्या गाण्यालाही हसत. 1936 च्या वेतन कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असतील तेथे सातव्या दिवसापर्यंत, इतरत्र दहाव्या दिवसापर्यंत पगार देण्याची मुभा होती. एक तारखेचे गाणे ऐकून त्यांची महिनाअखेर संपत नसे.

आता या नाटकात नवे पात्र आले आहे. वाण्याच्या गल्ल्यावर बोलका डबा असतो. फोनवरून पैसे दिले की तो रक्कम मोठ्याने जाहीर करतो. आठ तारखेला तो पाचशे, आठशे असा गरजतो. सव्वीस तारखेला "सात रुपये प्राप्त झाले" हेही त्याच दिमाखात ओरडतो. उसनवारीच्या वहीत निदान गुप्तता होती. हा प्रसंग त्या मुलाने केला तेव्हा त्याने फक्त डब्याचा आवाज काढला, तारीख सांगितलीच नाही. लोकांनी ती ओळखली.

असे सादरीकरण बिघडते कोठे, तेही सांगितले पाहिजे. त्याच मुलाने पुढे सावकाराच्या व्याजाचा प्रसंग घातला. सभागृह एकाएकी गप्प झाले. ज्या चिंतेला शेवटची तारीख असते तिला हसता येते. 7 तारीख उगवणार हे ठाऊक असते म्हणून सव्वीस तारीख गमतीची. व्याजाला अशी तारीख नसते. हात आखडते घेणाऱ्या बायकोची थट्टाही नको. तिला पुरुष हसतात, बायका खाली पाहतात, आणि मग तेच हसू पुन्हा दोन तुकड्यांत विभागते.

माझा याहून मोठा आक्षेप या विनोदाच्या मुळावरच आहे. चिं. वि. जोशींच्या चिमणरावापासून मराठी विनोदाने कारकुनाचा खिसा पाहिला, पण महिनाअखेर यायला आधी महिना लागतो, म्हणजे पगार लागतो. उधारीवरचा विनोद कळायला उधार देणारा वाणी लागतो, आणि कोणाला उधार द्यायचे हे वाणी आडनाव पाहूनही ठरवीत आला आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांसमोर आम्ही हेच सादरीकरण केले. नळीला ते हसले. वहीच्या प्रसंगाला पुढच्या दोन रांगाच हसल्या, आणि मागे हसू पोचले ते उशिरा, पुढचे हसताहेत हे पाहून. असे उशिराचे हसू आले की ओळखावे, गोष्ट त्यांची नाही.

बीडकडचा एक विद्यार्थी सध्या ऊसतोडीवर लिहितो आहे. तिथे नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल आधी घेतात आणि हंगामभर ती फेडतात. त्याच्या मसुद्यात बाप घरी विचारतो, "आपला पगार कधी संपला?" आई म्हणते, "दसऱ्यालाच संपला. आता कामाला जायचंय." हे वाचून मी हसलो. पण त्याच्या गावी, कोयता बांधायच्या दिवसांत, हे वाचल्यावर लोक काय करतील याचा त्याला भरवसा नाही. येत्या हंगामाआधी तो तिकडे वाचून पाहणार आहे.