पस्तीसच्या अलीकडे, पस्तीसच्या पलीकडे

शाळा सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे वळू पाहणाऱ्या शिक्षकांचे बायोडेटा बहुधा सारखेच असतात. संयमी स्वभाव, उत्तम संवादकौशल्य, वर्ग हाताळण्याचा आठ वर्षांचा अनुभव. यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. संयम बँकेतल्या कॅशियरकडेही असतो. टेस्टरच्या उपयोगाचं जे शिक्षकाकडे खरोखर असतं, ते मात्र लिहायचं राहून जातं.

बी.एड.ला केलेला संविधान तक्ता आठवा. एका बाजूला घटक, दुसऱ्या बाजूला उद्दिष्टं आणि प्रत्येक चौकटीत गुण. चौकट रिकामी दिसली की पेपर छापायला जाण्याआधीच कळतं, हा भाग तपासायचा राहतोय. टेस्टिंगमध्येही ग्राहकाच्या मागण्या एका बाजूला आणि चाचण्या दुसऱ्या बाजूला मांडून असाच तक्ता करतात. त्याला ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स म्हणतात. बहुपर्यायी प्रश्नांचंही तसंच. १/२ अधिक १/३ या बेरजेखाली २/५ हा चुकीचा पर्याय शिक्षक मुद्दाम ठेवतो, कारण मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणार हे त्याला ठाऊक असतं. माणूस कुठे चुकेल याचा आधीच अंदाज बांधणं हे टेस्टरचं अर्धं काम आहे.

मुलाखतीत हे कसं मांडायचं? समजा, विचारलं, "० ते १०० गुण भरायची चौकट आहे, कशी तपासाल?" पुस्तकी उत्तर असं: चुका सीमेवर दबा धरून बसतात, म्हणून -१, ०, १ आणि ९९, १००, १०१ भरून पाहायचे. उत्तीर्णतेची रेषा ३५ वर असेल तर ३४ आणि ३५ सुद्धा. क्लास केलेला कोणीही एवढं सांगेल. निकालपत्रकं भरलेली शिक्षिका इथून पुढे जाऊ शकते. गैरहजर मुलासमोर काय भरायचं? शून्य भरलं तर तो नापास, रिकामं सोडलं तर सरासरी कशी काढणार? देवनागरी कीबोर्ड चालू राहिला आणि '३५' मराठी अंकांत पडले तर? एक्सेलमधून गुणांचा रकाना चिकटवताना गैरहजर मुलाची ओळ गाळली गेली, तर त्याच्याखालच्या सगळ्यांचे गुण एकेक घर वर सरकतील आणि स्क्रीनवर एकही चूक दिसणार नाही. हे उत्तर ऐकताना समोरचा पेन खाली ठेवतो, कारण यातलं शेवटचं प्रकरण शाळेबाहेरच्या माणसाला सहजी सुचणार नाही.

बायोडेटातलं वाक्यही याच अंगाने बदलायला हवं. 'परीक्षा विभागाचं काम पाहिलं' असं न लिहिता 'निकालाच्या एक्सेलमध्ये गैरहजर विद्यार्थी आणि अपूर्णांकी गुण यांमुळे होणाऱ्या चुका शोधल्या, तपासणीची यादी केली' असं लिहावं. अर्थात, ते काम केलं असेल तरच.

सोबत स्वतः लिहिलेला एखादा बग रिपोर्ट जोडला तर आणखी बरं. 'गुण नीट सेव्ह होत नाहीत' हा बग रिपोर्ट नव्हे, ती तक्रार झाली. रिपोर्ट असा: गणिताच्या रकान्यात ३४.५ भरले, सेव्ह केलं, निकाल उघडला. अपेक्षित होतं 'अनुत्तीर्ण', दिसलं ३५ आणि 'उत्तीर्ण'. पण इथे एक खाच आहे. अर्धा गुण वर न्यायचा की नाही, हे शाळेच्या नियमात काय लिहिलंय त्यावर ठरतं. नियम वर न्या म्हणत असेल तर हा बग नाहीच. तेव्हा रिपोर्ट पाठवण्याआधी नियम शोधायचा आणि सापडला नाही तर विचारायचं.

शिक्षकाची एक सवय इथे आड येते. मुलाचं उत्तर अर्धवट असलं तरी त्याला काय म्हणायचं होतं ते आपण ओळखतो आणि गुण देतो. सॉफ्टवेअरला अशी सवलत दिली की बग सुटलाच. स्क्रीनवर जे दिसलं तेवढंच लिहायचं. डेव्हलपरचा हेतू कितीही चांगला असो.

बाकी तयारी लागतेच. डेटाबेसमध्ये डोकावण्यापुरतं एसक्यूएल हवं, बग नोंदवायला जिरासारखं साधन हवं. आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा ४० प्रश्नांची, ६० मिनिटांची. २६ बरोबर आले की उत्तीर्ण. ती परिभाषा शिकवते, नोकरीची हमी देत नाही. फक्त हाताने टेस्टिंग करणाऱ्यांना जागा मर्यादित असतात, त्यामुळे पुढे सेलेनियमसारखं ऑटोमेशन टळत नाही.

आणि वयाने लहान मुलांसोबत फ्रेशरच्या पगारावर सुरुवात करायची तयारी नसेल, तर काही जण सुचवतात ते 'अनुभवाचं पत्र' समोर येतं. त्या वाटेला जाऊ नये. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यात कोणत्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतात हे दिसतं, आणि पार्श्वभूमी तपासणीत कंपन्या ते पाहू शकतात. शाळेतली वर्षं शाळेचीच म्हणून सांगावीत. गुणपत्रकाच्या त्या चौकटीबद्दल बोलायला तीच उपयोगी पडतात. शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांकडे अर्ज आधी करावेत, कारण गैरहजर मुलाचा प्रश्न त्यांना रोजच पडतो.